डोक्याला मार लागलेलं लेकरू पुन्हा मैदानात कधी उतरवायचं?

*मॅडम, मी परभणी जिल्ह्यातल्या एका गावात शाळेत खेळ शिकवतो. मंगळवारी संध्याकाळी कबड्डीच्या सरावात पकड करताना आमच्या लेफ्ट कॉर्नरचं आणि कव्हरचं डोकं एकमेकांवर आदळलं. कव्हरला काही झालं नाही. कॉर्नरचा पोरगा आठवीत आहे. बेशुद्ध पडला नाही, उलटी नाही, कपाळाला टेंगूळ आलं. मी त्याला लगेच बाहेर बसवलं. आज शुक्रवार, अजून थोडं डोकं दुखतं म्हणतो. पुढच्या गुरुवारी जिल्ह्याचे सामने आहेत. वडील म्हणतात, "मुका मार तर आहे, लेकराला कामून बसवून ठेवायलेत?" मला सगळ्या पालकांसाठी एक सूचना काढायची आहे. टप्प्याटप्प्यानं खेळायला सोडायचं म्हणजे नेमकं काय, हे त्यात कसं लिहू?*
*— एक क्रीडाशिक्षक*

सर, पत्र मिळालं त्याच दिवशी आपलं फोनवर बोलणं झालं आणि पुढे तीन आठवड्यांहून जास्त काळ तुम्ही रोज त्या पोराची खबर मला देत राहिलात. त्यामुळे आता सूचना लिहिताना आपल्याला पुस्तकातलं उदाहरण शोधायला नको. तुमच्याच लेफ्ट कॉर्नरचे दिवस समोर ठेवू. तुमची आणि त्याच्या आईची परवानगी घेऊनच हे छापते आहे.

पत्रात नव्हती ती एक गोष्ट तुम्ही फोनवर सांगितलीत. डोकी आदळल्यावर पोरगा उठला तो समोरच्या संघाच्या अंगणात जाऊन उभा राहिला, आणि पाच मिनिटांत दोनदा "सर, स्कोअर किती?" असं विचारलं. सराव होता, स्कोअर कोणी लिहीतच नव्हतं. माझ्या दृष्टीने निदान तिथेच झालं. टेंगूळ हे कातडीचं दुखणं, चार दिवसांत उतरतं. जागा चुकणं, तेच तेच विचारणं, नजर हरवल्यासारखी होणं, तोल जाणं, डोकं दुखणं, मळमळणं, उजेड किंवा आवाज सहन न होणं, यातलं एक जरी मार लागल्यावर दिसलं तरी मेंदूला हादरा बसला असं धरून चालायचं. डॉक्टर याला कन्कशन म्हणतात. यात बहुतेक मुलं बेशुद्ध पडतच नाहीत, त्यामुळे "शुद्ध हरपली नाही" यावरून निश्चिंत होता येत नाही. म्हणून सूचनेचा पहिला परिच्छेद असा ठेवा:

"खेळताना डोक्याला, तोंडाला किंवा मानेला मार लागला, किंवा अंगाला जोरात धक्का बसून डोकं हिसकलं, आणि वरीलपैकी एकही लक्षण दिसलं, तर मुलाला त्याच क्षणी बाहेर काढलं जाईल. त्या दिवशी तो पुन्हा मैदानात उतरणार नाही, त्याला कितीही बरं वाटलं तरी. एक-दोन दिवसांत त्याला डॉक्टरांना दाखवावं."

लक्षणांची यादी या परिच्छेदाच्या वर, आपल्या बोलीत लिहा. "गरगरतंय", "डोकं जड झालंय", "डोळ्यापुढं अंधारी येतीय" असं पोरं बोलतात, तसंच लिहा. आई ते शब्द ओळखेल.

धोक्याच्या खुणा मात्र वेगळ्या चौकटीत आणि ठळक अक्षरांत हव्यात, कारण तिथे पायऱ्या वगैरे काही नसतं, सरळ मोठं रुग्णालय. डोकेदुखी वाढतच चालली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, झटका आला, हातपाय लुळे पडले किंवा मुंग्या आल्या, एकाची दोन माणसं दिसायला लागली, मान दुखायला लागली, पोरगा झोपेतून जागा होईना किंवा भलतंच वागायला लागला, तर १०८ ला फोन करायचा. मान दुखत असेल तर मैदानावरच त्याला हलवायचं नाही. तुमच्या गावापासून जिल्हा रुग्णालय तासाभरावर आहे, म्हणून रात्री गाडी कोणाची मिळेल त्याचं नाव आणि नंबर या चौकटीतच लिहून टाका. आणि पहिल्या रात्री "झोपू देऊ नका" हे आजी सांगेल, पण डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं नसेल तर झोपू द्या. फक्त घरातलं मोठं माणूस शेजारी असावं, एक-दोनदा हलवून बघावं, नीट हूं म्हणतो का.

आता वडिलांचा प्रश्न. दुसऱ्या दिवशी त्यांनी हट्टाने शहरात नेऊन सीटी स्कॅन करून आणला, तो नॉर्मल आला आणि त्यांचं मत आणखी पक्कं झालं. सूचनेत हे नीट समजावून सांगायला हवं, कारण हा प्रश्न प्रत्येक बाप विचारणार. सीटीत हाड मोडलंय का, आत रक्त साकळलंय का, एवढंच बघतात. हादऱ्यात यातलं काही झालेलं नसतं. मेंदूच्या पेशींच्या आतबाहेरचे क्षार विस्कटतात, ते जागेवर आणायला पेशींना जास्त ताकद लागते, आणि नेमका त्याच वेळी पुरवठा कमी पडतो. शेतातल्या मोटारीचं बघा. व्होल्टेज कमी असलं की मोटार बाहेरून धड दिसते, वायंडिंग जळालेलं नसतं, मिस्त्रीने उघडून बघितलं तरी काही सापडत नाही, पण लोड आला की ट्रिप होते. त्या बापाला मी फोनवर हेच सांगितलं आणि ते गप्प झाले, कारण आदल्याच आठवड्यात त्यांनी स्टार्टर तीनदा चढवून मोटार जाळली होती.

पायऱ्या कशासाठी, तेही यातूनच कळतं. लोड थोडा थोडा वाढवत न्यायचा आणि ट्रिप होतं का बघायचं. पूर्वी आम्ही डॉक्टरच अंधाऱ्या खोलीत आठवडाभर झोपवून ठेवायला सांगायचो. तेही चूक होतं. आता पहिले २४ ते ४८ तास मोबाइल आणि टीव्ही जवळजवळ बंद, घरातल्या घरात वावर आणि अंगणात फेरी, एवढीच विश्रांती. त्यानंतर हळूहळू हालचाल वाढवली तर मूल लवकर सुधारतं. २०२२ साली अ‍ॅमस्टरडॅमला झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत खेळाकडे परतायच्या सहा पायऱ्या ठरल्या. त्या मी कबड्डीच्या भाषेत लिहून देते, तुम्ही सूचनेत तशाच उतरवा:

"पहिली पायरी: रोजची साधी कामं, थोडं चालणं, जमेल तेवढी शाळा. दुसरी: आधी सावकाश चालणं, मग भरभर चालणं किंवा हलकं पळणं. तिसरी: एकट्यानं कबड्डीच्या हालचाली, समोर कोणी नसताना रिकाम्या मैदानावर फूटवर्क, बोनस लाइनपर्यंत जाऊन परतणं. चौथी: संघासोबत सराव, पण पकड नाही, ढकलाढकली नाही. पाचवी: पकडीसह पूर्ण सराव. सहावी: सामना. एका पायरीवर कमीत कमी एक पूर्ण दिवस. चौथ्या पायरीच्या आधी मूल पूर्ण वेळ शाळेत बसत असलं पाहिजे, सरावानंतरही त्याला कसलंच लक्षण नसलं पाहिजे आणि डॉक्टरांनी तपासून दाखला दिलेला असला पाहिजे."

"कमीत कमी एक दिवस" हे शब्द धोक्याचे आहेत, सर. वडील बोटं मोजतील: सहा पायऱ्या, सहा दिवस, गुरुवारी पोरगा मैदानात. म्हणून सूचनेत दुसरं घड्याळही लावा. ब्रिटनने २०२३ मध्ये गावोगावच्या क्लबांसाठी आणि शाळांसाठी नियम काढले, तेही अशा ठिकाणांसाठी जिथे मैदानावर डॉक्टर नसतो. तुमची शाळा त्याच गटात मोडते. मार लागला तो दिवस शून्य धरायचा. ज्यात डोक्याला मार लागू शकतो असा सराव, म्हणजे आपली पाचवी पायरी, त्याआधी सलग १४ दिवस बसल्या जागी एकही लक्षण नको. आणि सामना २१ व्या दिवसाच्या आधी कोणत्याही परिस्थितीत नाही. दोन्हींतली जी तारीख उशिरा येईल ती पाळायची. तुमच्या पोराला गुरुवार हा नववा दिवस होता. तो सामना त्याच्यासाठी मंगळवारी संध्याकाळीच संपला होता, आणि हे पालकांना त्याच संध्याकाळी सांगितलं असतं तर आठवडाभराची ओढाताण टळली असती. तारीख पहिल्याच दिवशी लिहून द्या.

एवढी मुदत का, हेही एका वाक्यात लिहा. सावरत असलेल्या मेंदूची प्रतिक्रिया मंद असते, त्यामुळे दुसरा मार लागण्याची शक्यता वाढते; तो लागला तर बरं व्हायला कितीतरी जास्त वेळ जातो, आणि लहान वयात क्वचित का होईना पण मेंदूला एकदम सूज येऊन जीव जातो. हे घाबरवायला लिहायचं नाही, पण लपवायचंही नाही.

आता तुमच्या पोराचे दिवस. बुधवार-गुरुवार तो शाळेत गेला नाही. शुक्रवारी सकाळी तुम्ही त्याला विचारलंत, "शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन होत नाही, आत्ता किती?" तो म्हणाला दोन. अर्धा दिवस शाळा केली, फळ्यावरचं लिहून घेताना अक्षरं हलतात म्हणाला, म्हणून वही मित्राने लिहिली. शनिवारी तुमच्याबरोबर बांधावरून १५ मिनिटं सावकाश चालला. पहिल्या वेळी चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत, धाप नको. नाडी मोजायची तर या वयात १५ सेकंदांत २८ ठोक्यांच्या आसपास. पुढच्या वेळी बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतका वेग, म्हणजे साधारण ३६ ठोके. त्या दिवशी चालण्याआधी दोन, चालताना तीन, अर्ध्या तासाने पुन्हा दोन. हे चालतं. आकडा दोनपेक्षा जास्त वाढला नाही आणि तासाच्या आत खाली आला, तर पायरी पार झाली. जास्त वाढला किंवा तासाभरानेही उतरला नाही, तर थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याहून हलकं काम करायचं.

रविवारी मात्र गडबड झाली. सोयाबीनची रास होती. कबड्डी बंद म्हणून पोरगा मोकळा, म्हणून दिवसभर मळणीयंत्रापाशी. त्याने पोती धरली, दोन-चार उचलली, ऊन, भुसा, कानठळ्या बसवणारा आवाज. संध्याकाळी आकडा पाच. ट्यूबलाइट बंद कर म्हणून धाकट्या बहिणीवर ओरडला आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून पडला. सोमवारी शाळा बुडाली. आई फोनवर रडत होती, "मॅडम, खेळू दिलं नाही हो आम्ही." त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. "खेळ बंद" एवढंच आपण सांगितलं होतं, आणि रास हा काही खेळ नाही. मीसुद्धा शुक्रवारच्या फोनवर शेताचं विचारलं नाही, ही माझी चूक. आपल्याकडच्या सूचनेत हा परिच्छेद असलाच पाहिजे, बाहेरून आणलेल्या कोणत्याही छापील कागदात तो सापडणार नाही:

"या काळात मळणी, पोती उचलणं, खुरपणीला दिवसभर उन्हात थांबणं, झाडावर चढणं, मोटरसायकलवर मागे बसून खड्ड्यांतून लांब जाणं, वरातीत डीजेसमोर नाचणं, हेही खेळाइतकंच बंद. मोबाइलवर गेम खेळणं पहिले दोन दिवस पूर्ण बंद आणि नंतर आकडा वाढत नसेल तेवढंच."

मंगळवारी आकडा पुन्हा दोनवर आला, चालणं पुन्हा पहिल्या वेगापासून सुरू झालं. गुरुवारी संघ जिल्ह्याला गेला, तो घरी राहिला. शेवटची डोकेदुखी दहाव्या दिवशी, शुक्रवारी, दुपारच्या तासाला. अकराव्या दिवशी, शनिवारी, दिवसभर शून्य. सलग १४ दिवस मोजायचे ते या शनिवारपासून, म्हणजे अकराव्यापासून चोविसाव्यापर्यंत. पकडीचा सराव पंचविसाव्या दिवशी. बघा, इथे २१ चा नियम आपोआप मागे पडला आणि १४ चा पुढे आला. पालकांना हे गणित एकदा अशा तारखा घालून दाखवा, नुसता नियम वाचून ते डोक्यात बसत नाही.

मधले दोन आठवडे रिकामे नव्हते. त्यात त्याने पळणं सुरू केलं, मग एकट्याने फूटवर्क, मग डॉक्टरांना दाखवून संघासोबत बिनपकडीचा सराव. चौथ्या पायरीवर एक काळजी घ्या: साखळी धरून बाजू बदलायची हालचाल करू देऊ नका. पकड नसली तरी त्यात दोन डोकी जवळ येतात, आणि तुमच्याकडे आदळली ती तशीच. चौथ्या पायरीपासून पुढे कुठेही लक्षण परत आलं तर एक पायरी मागे जाऊन भागत नाही, थेट तिसरीवर यायचं आणि पूर्ण शून्य झाल्याची खात्री करायची.

आकडा खोटा सांगितला जाईल, हे धरूनच चाला. सामना जवळ आला की पोरगं "शून्य, सर" म्हणतं. तुमच्या पोरानेही आठव्या दिवशी सांगितलं होतं, आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलाने तुम्हाला सांगितलं की तो तिसऱ्या तासाला बाकावर डोकं ठेवून होता. म्हणून आकडा तिघांना विचारायचा: पोराला, आईला आणि बाकावरच्या सोबत्याला. आई आकडा सांगणार नाही, ती सांगेल चिडचिड करतो, झोप लागत नाही, जेवत नाही. ते लिहून घ्या. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे: ऑक्टोबरच्या उन्हात धड पोराचंही डोकं दुखतं. म्हणून पायरीचा सराव सकाळी सातच्या आत घ्या, पोटात काहीतरी असू द्या, पाणी प्यायलेला असू द्या. तरीही दुखलं तर ऊन म्हणून सोडून देऊ नका, हादऱ्याचंच समजा.

गोळीबद्दलही दोन ओळी हव्यात. पहिले दोन दिवस वेदनेला पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात. अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन या काळात टाळायचं, कारण आत रक्तस्राव असलाच तर तो वाढू शकतो. मेडिकलवर "डोकेदुखीची गोळी द्या" म्हटलं की दोन औषधं एकत्र असलेली गोळी हातात पडते, तेव्हा नाव वाचून घ्या. आणि गोळी घेऊन पार केलेली पायरी ही पायरी नाही. त्या दिवशी पोरगा घरीच बरा.

बहुतेक मुलं चार आठवड्यांच्या आत बरी होतात. चार आठवड्यांनंतरही आकडा शून्यावर येत नसेल तर पायऱ्या थांबवून मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवा. नांदेड, लातूर किंवा संभाजीनगरला ते भेटतात. वर्षभरात दुसऱ्यांदा हादरा बसला असेल तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना तसं सांगायचं, या पायऱ्या त्याला जशाच्या तशा लावायच्या नाहीत.

सूचना एका पानाच्या वर जाऊ देऊ नका. मागच्या बाजूला तक्ता आखा: तारीख, पायरी, आधीचा आकडा, नंतरचा आकडा, दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा, आईचं म्हणणं. सकाळचा रकाना विसरू नका, बरीच लक्षणं रात्र गेल्यावर डोकं वर काढतात. खाली पालकांची सही, डॉक्टरांच्या दाखल्याची तारीख आणि सर्वात लवकरच्या सामन्याची तारीख, ही शेवटची तुम्ही मार लागला त्याच दिवशी स्वतःच्या हाताने भरायची. हा कागद वर्षाच्या सुरुवातीला पालकसभेत वाचून दाखवा, पोराला मार लागल्यावर घाईत घरी पाठवू नका. तेव्हा बाप ऐकायच्या मनःस्थितीत नसतो.

तुमच्या लेफ्ट कॉर्नरने पंचविसाव्या दिवशी, शनिवारी सकाळी, पहिली पकड केली. आधी एकास एक, मांडीची पकड, चार वेळा. नंतर शून्य, तासाने शून्य, रविवारी सकाळी शून्य. आई म्हणाली, पोटभर जेवला आणि बहिणीशी भांडला नाही. सोमवारी साखळीत घ्या, आणि मंगळवारी सकाळचा आकडा मला नेहमीप्रमाणे कळवा.